एक टक्का आधी, दीड टक्का नंतर: शिरोलीतल्या एका कॉम्प्रेसर सर्व्हिसवाल्याचं प्रकरण

मी कोल्हापुरात हिशेब आणि कराची कामं करतो. ज्यांचं हे प्रकरण आहे ते नवरा-बायको माझे जुने पक्षकार. शिरोली एमआयडीसीत छोटा गाळा, चार मुलं कामाला, आणि काम एकच: फौंड्र्या नि मशीनशॉपमधल्या एअर कॉम्प्रेसरची देखभाल-दुरुस्ती. दादा साइटवर असतात. बिलं, फोन आणि बँक वहिनींकडे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल मिळून नेहमीचे तेवीस ग्राहक, वर्षाचं बिलिंग जीएसटी सोडून ७८ लाख, आणि सगळं वजा जाता हातात राहणारा नफा साडेआठ लाखांच्या आसपास.

२०२४च्या मे महिन्यात दादा ऑफिसला आले ते एक कागद घेऊनच. ग्राहकांना पाठवायचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात दोन ओळी ठळक होत्या: दहा दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, आणि ‘४५ दिवसांनंतर १८ टक्के दराने दंड आकारण्यात येईल याची गंभीर नोंद घ्यावी.’ म्हणाले, “तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा.”

मी शुद्धलेखन बाजूला ठेवलं आणि हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमधलं मागचं वर्ष उघडलं.

दादांची तक्रार होती की पैसे यायला अडीच महिने लागतात. ते खरंच होतं. काम झाल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत सरासरी ७४ दिवस लागत होते. पण ‘काम झाल्यापासून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सर्व्हिस रिपोर्टवर मेंटेनन्सवाल्याची सही ज्या तारखेला झाली ती तारीख आणि बिलाची तारीख शेजारी शेजारी लावल्यावर वहिनी गप्पच झाल्या. मध्ये सरासरी १३ दिवस जात होते, कारण रिपोर्ट दादांच्या गाडीच्या डिकीत साठायचे आणि बिलं महिनाअखेरीला एकदम निघायची. पुढचे सहा दिवस बिल ग्राहकाच्या अकाउंट्स विभागात पोचायला. बऱ्याच बिलांवर पीओ नंबर, म्हणजे ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, नसायचा. मग बिल स्टोअरमध्ये पडून राहायचं, कुणीतरी फोन करेपर्यंत.

म्हणजे ७४ पैकी १९ दिवस आपल्या घरातले. हे दिवस तसेच ठेवून ग्राहकाला उशिराचा आकार लावायला गेलं, तर पहिल्याच फोनवर अकाउंटंट विचारणार, “बिलच मला आज मिळालंय, मी कुठल्या उशिराचे पैसे देऊ?” आणि तो बरोबर असणार. म्हणून पत्राआधी एक महिना फक्त एवढंच केलं: रिपोर्टचा फोटो संध्याकाळी वहिनींच्या व्हॉट्सॲपवर, दुसऱ्या दिवशी बिल, बिलावर पीओ नंबर आणि रिपोर्टची तारीख, ईमेल थेट अकाउंट्सला आणि प्रत मेंटेनन्सला.

मग सवलतीकडे वळलो. दोन टक्के हा आकडा दादांना कुठून सुचला असं विचारलं, तर म्हणाले, “सगळे देतात की.” बाजारात सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, दोन टक्के असतो हे खरं. पण माल विकणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि आपला वेगळा. मी त्यांना पाटीवर मांडून दाखवलं ते असं. बिल निघाल्यावर पैसे यायला सरासरी ६१ दिवस लागतात. दहाव्या दिवशी आले, तर ५१ दिवस आधी आले. त्या ५१ दिवसांसाठी आपण १०० रुपयांतले २ सोडले, म्हणजे ९८ रुपये वापरायला २ रुपये भाडं दिलं. वर्षाच्या हिशेबाने ते साडेचौदा टक्क्यांच्या वर जातं. दादांच्या बँकेच्या ओव्हरड्राफ्टचा दर साडेअकरा. मग ग्राहकाकडून महाग पैसा का उचलायचा? एक टक्का सोडला तर तेच भाडं वर्षाला सव्वासात टक्के पडतं, ओव्हरड्राफ्टपेक्षा बरंच स्वस्त.

हा झाला सरासरीचा हिशेब. सरासरी इथे थोडी फसवते, कारण सवलत सरासरी ग्राहक घेत नाही. ती आधी घेतो तो, जो आजही वेळेवर देतोय. तेवीसपैकी नऊ जण पंचेचाळीस दिवसांच्या आतच देत होते. ते सगळे दहा दिवसांवर आले तर आपल्याला जेमतेम तीस दिवस मिळतात, आणि तेवढ्यासाठी सोडलेला एक टक्का वर्षाला सव्वाबारा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे किंचित तोटा. दोन टक्क्यांना तर सरळसरळ खैरात. सगळ्यांनी दोन टक्के उचलले असते, तर साडेआठ लाखांच्या नफ्यातले दीड लाखाच्या वर निघून गेले असते.

तरीही एक टक्का ठेवावा असं माझं मत पडलं, आणि त्याचं कारण बँकेत नव्हतं, लक्ष्मीपुरीतल्या एका डीलरच्या दुकानात होतं. ऑइल सेपरेटर, एअर फिल्टर, कॉम्प्रेसरचं तेल हे दादा तिथून उधारीवर उचलायचे. तो डीलर रोखीला तीन टक्के सोडतो, तीस दिवसांच्या उधारीला काही नाही. गेली दोन वर्षं दादांनी ती सीडी एकदाही घेतली नव्हती, कारण हातात पैसेच नसायचे. एक टक्का देऊन आलेले पैसे तिथे तीन टक्के वाचवत असतील, तर गणित बसतं. फक्त ते पैसे खरंच तिकडे जायला हवेत, घराच्या हप्त्यात नाही. हे मी वहिनींकडे बघून म्हणालो आणि दादांनी चहा मागवला.

उशिराच्या आकाराचा मुद्दा जास्त नाजूक होता. इथे कायदा आपल्या बाजूला आहे, आणि तेच अडचणीचं आहे, कारण कायदा हातात आला की माणूस पत्रात नोटिशीची भाषा वापरतो. दादांची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे आणि ते सेवा देतात, नुसता व्यापार करत नाहीत. त्यामुळे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा एमएसएमईडी कायदा त्यांना पूर्ण लागू होतो. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी काहीच नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून, म्हणून सर्व्हिस रिपोर्टवरच्या त्या सहीला एवढं मोल. ग्राहकाने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजायचे. मुदत टळली तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि तेही दरमहा चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ होता, म्हणजे २०.२५ टक्के. पत्रातल्या अठरा टक्क्यांपेक्षा कायद्याचा दर जास्तच होता.

आम्ही दर महिना दीड टक्का ठेवला, साधा, चक्रवाढ नाही, आणि तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर. थोडं कमी मिळेल, पण ग्राहकाच्या अकाउंटंटला कॅल्क्युलेटरवर दोन बटणांत पडताळता येईल. जो आकडा समोरच्याला पडताळता येत नाही, तो तो भरत नाही.

‘दंड’ हा शब्द काढायला दादा तयार नव्हते. शेवटी काढायला लावला त्यांच्याच एका ग्राहकाने. आमचं पत्र तयार व्हायच्या आधीच दादांनी जुन्या मसुद्याचा फोटो गोकुळ शिरगावच्या एका फौंड्री मालकाला पाठवून दिला होता. संध्याकाळी फोन आला. “काय ओ, वीस वर्षं तुम्हाला कामं देतोय, आता आम्हाला दंड लावताय व्हय?” दादांनी दहा मिनिटं समजूत काढली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “तो शब्द काढा.”

जे पत्र १ जुलैच्या आधी पंधरा दिवस गेलं, त्याचा गाभा असा:

“सप्रेम नमस्कार. आपल्या कॉम्प्रेसरला लागणारे सुटे भाग आम्ही आगाऊ विकत घेतो आणि बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरतो, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून पैसे लवकर आले की आमचा खर्च खरोखर वाचतो. त्यातला वाटा आपल्याला द्यावा असं ठरवलं आहे. १ जुलैपासूनच्या नव्या बिलांचे पैसे बिल मिळाल्यापासून १० दिवसांत आल्यास मूळ रकमेवर १ टक्का सवलत मिळेल. नेहमीची मुदत ४५ दिवसांची आहे, त्यात काही बदल नाही. त्यानंतर मात्र दर महिना दीड टक्का विलंब आकार लागेल. पहिल्या वेळी तो आम्ही माफ करू. बिलाबाबत काही शंका असेल, तर बिल मिळाल्यावर आठवड्याच्या आत कळवावं. शंका मिटेपर्यंतचे दिवस आम्ही मोजणार नाही. जुन्या बिलांना यातलं काहीही लागू नाही.”

शेवटची तीन वाक्यं वहिनींची आहेत, आणि माझ्या मते अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात कामाची. जुन्या उधारीला हात लावला नाही म्हणून कुणाला अपमान वाटला नाही. शंकेचे दिवस मोजणार नाही असं लिहिल्यामुळे ‘बिलात घोळ आहे’ ही सबब दोन महिन्यांनी न येता आठवड्यातच यायला लागली. त्यातल्या काही सबबी खऱ्याही निघाल्या.

पत्र पोस्टाने नुसतं पाठवून दिलं नाही. मोठ्या आठ ग्राहकांकडे दादा स्वतः गेले आणि मालकाच्या केबिनमध्ये न जाता आधी अकाउंट्समध्ये बसले. तिथे एक गोष्ट कळली जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती. दोन कंपन्या महिन्यातून दोनदाच पैसे सोडतात, १० आणि २५ तारखेला. बिल ११ तारखेला पोचलं की दहा दिवसांची मुदत त्यांना पाळताच येणार नाही, इच्छा असूनही. त्यांच्यासाठी आम्ही ‘बिल मिळाल्यानंतरची पहिली पेमेंट तारीख’ असं लिहून दिलं. तिथले अकाउंटंट साहेब म्हणाले, “हे विचारायला पहिल्यांदाच कुणीतरी आलं.”

आता पहिल्या महिन्यातला घोळ सांगतो, कारण तो प्रत्येकाकडे होणार आहे. एका मशीनशॉपचं बिल ४८,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, एकूण ५६,६४०. त्यांनी आठव्या दिवशी ५५,६८० पाठवले. वहिनींनी सवलतीचे ४८० वजा केले, तरी ४८० कमीच. त्यांनी फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, “तुम्हीच एक टक्का म्हणालात ना?” वहिनींना वाटलं, यांनी सवलत दोनदा कापली. खरं म्हणजे दुसरे ४८० टीडीएसचे, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या आयकराचे होते. दादांची मालकी फर्म असल्यामुळे देखभालीच्या कामावर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४सीप्रमाणे एक टक्का कापला जायचा, तोही जीएसटी सोडून मूळ रकमेवर. दोन्ही दर एक टक्का, दोन्ही ४८ हजारांवर, दोन्हींची रक्कम पैशापर्यंत सारखी. एक दादांच्या नावावर सरकारात जमा होते आणि विवरणपत्रात परत धरता येते, दुसरी कायमची गेलेली असते. वहिनींनी दोन्ही एकाच खात्यात टाकली असती, तर वर्षाअखेर जमा टीडीएसची सरकारी नोंद, म्हणजे फॉर्म २६एएस, जुळला नसता आणि आम्ही नसलेला टीडीएस शोधत बसलो असतो.

उपाय साधा होता. सवलत घेतल्यावर त्याच दिवशी क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, काढायची आणि तिच्यावर बिल नंबर लिहायचा. ही क्रेडिट नोट जीएसटीविना, नुसती व्यापारी. करारात आधी ठरलेली आणि बिलाशी जोडलेली सवलत असेल तर जीएसटीही कमी करता येतो, पण मग ग्राहकाला बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, तेवढं परत करावं लागतं. ८६ रुपये ४० पैशांसाठी त्याच्या अकाउंटंटला त्या भानगडीत घालायचं, तर सवलत नको असंच तो म्हणेल. इथे ग्राहकाने जीएसटी पूर्ण दिला, क्रेडिट पूर्ण घेतलं, कुणाच्या विवरणपत्राला धक्का नाही.

विलंब आकाराचं तसं नाही. उशिरासाठी घेतलेले पैसे हे जीएसटीच्या दृष्टीने कामाच्या किमतीचाच भाग, म्हणून त्यावर त्याच कामाचा दर लागतो. त्याच ४८ हजारांना एक महिना उशीर झाला तर आकार ७२०, त्यावर जीएसटी १२९ रुपये ६० पैसे, मिळून ८४९ रुपये ६० पैसे. दिलासा एवढाच की हा कर आकार प्रत्यक्ष मिळेल तेव्हा देय होतो. म्हणून आकाराची सूचना आधी साध्या पत्राने द्यायची आणि पैसे आल्यावर डेबिट नोट. नाहीतर माफ केलेल्या आकारावरचा कर आपल्याच खिशातून जातो.

माफीचीही एक पद्धत ठरवली. नुसतं ‘राहू दे’ असं फोनवर म्हणायचं नाही. खातेउताऱ्यात आकाराची ओळ दाखवायची आणि शेजारी ‘पहिली वेळ, माफ’ असं लिहायचं. दादांना हे पोरकट वाटलं होतं. पण ज्या माफीचा आकडा दिसत नाही, तिची आठवण दुसऱ्या वेळी कुणालाच नसते.

सप्टेंबरात आणखी एक प्रकार घडला. एका ग्राहकाने एकतिसाव्या दिवशी पैसे दिले आणि एक टक्का कापूनच दिले. रक्कम ३१० रुपये. दादा फोन लावायला निघाले होते. वहिनींनी त्याऐवजी ईमेल टाकला: “पैसे मिळाले, धन्यवाद. सवलतीची मुदत २१ दिवसांपूर्वी संपली होती, पण या बिलापुरती आम्ही ती मान्य करतो. पुढच्या बिलाची सवलतीची तारीख बिलावरच छापून देत आहोत.” तेव्हापासून प्रत्येक बिलावर ‘दहा दिवसांत’ न छापता थेट तारीख आणि त्या तारखेपर्यंतची निव्वळ रक्कम छापली जाते. त्या ग्राहकाने पुन्हा तसं केलं नाही. ३१० रुपयांत हे शिकायला मिळालं, स्वस्तच म्हणायचं.

आठ महिन्यांनी, २०२५च्या फेब्रुवारीअखेर, पुन्हा टॅली उघडली. काम झाल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस ७४ वरून ४९ वर आले होते. त्या पंचवीसपैकी चौदा दिवस निव्वळ बिलं वेळेवर काढल्यामुळे कमी झालेले. सवलत आणि आकार या दोघांची कमाई अकरा दिवसांची. सवलत घेणारे सहा ग्राहक, त्यातले चार आधीपासूनच वेळेवर देणारे, खर्च पंधरा हजारांच्या आसपास. डीलरकडची सीडी त्याच्या दुपटीहून जास्त मिळाली. विलंब आकाराच्या सूचना चौदा हजारांच्या गेल्या, प्रत्यक्ष आले तीन हजार. बाकी माफ. हे अपयश नाही, कारण आकार मिळवायला ठेवलेला नव्हताच. बिलांचा गठ्ठा उपसताना अकाउंटंटने आपलं बिल वर ठेवावं, एवढंच त्याचं काम.

कोण हलला आणि कोण नाही, हे बघण्यासारखं होतं. सवलतीने हलले ते ज्यांच्याकडे पैसा पडून होता. पंचेचाळीसऐवजी दहा दिवसांत देऊन मिळणारा एक टक्का वर्षाला साडेदहा टक्के पडतो. मुदत ठेवीत तेवढं मिळत नाही, म्हणून त्यांनी तो घेतला. जे स्वतःच कॅश क्रेडिटवर चालतात, त्यांना त्यात काही सुटत नव्हतं. ते आकाराच्या सूचनेमुळे साठ-सत्तर दिवसांवरून पंचेचाळिसाच्या जवळ आले. आणि शंभर दिवसांच्या वरचे जे चार होते, त्यातले दोन जागचे हलले नाहीत. त्यांना ऑर्डरच नव्हत्या. टक्क्यांचा तिथे प्रश्नच नाही.

मार्चमध्ये त्या दोघांसाठी वेगळं पत्र केलं, त्यात आकाराचा उल्लेखही नव्हता. फक्त त्यांच्या फायद्याची एक गोष्ट लिहिली: तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच)प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीपलीकडे थकले आणि ३१ मार्चला तसेच बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. सोबत उद्यम प्रमाणपत्राची प्रत, आणि ‘आपल्या ऑडिटरना दाखवावं’ ही विनंती. २८ तारखेला एकाच्या ऑडिटरचा मलाच फोन आला. बाकी किती, विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मे पैसे आले.

दुसऱ्याकडून काही आलं नाही. छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या सरकारी सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो, व्याजासकट. मी दादांना तसं सांगितलं. दादांनी नको म्हटलं. त्या मालकाने पहिल्या गाळ्याच्या वेळी दादांसाठी बँकेत शब्द टाकला होता. आता त्यांच्या कॉम्प्रेसरचे सुटे भाग रोखीने, मजुरी उधार, असं चाललंय, आणि त्या मजुरीच्या बिलांवर वहिनी अजूनही सवलतीची तारीख छापतात.